धागा: गोदामाचे भाडे एकदम वाढवले, दोन महिन्यांची नोटीस देऊन गाळा सोडायचा आहे, मसुदा पाहून द्यावा

खोकीवाला (22 सप्टेंबर 2025)

माझा पॅकिंगच्या साहित्याचा घाऊक व्यापार आहे: पुठ्ठ्याची खोकी, चिकटपट्ट्या, बबल रोल वगैरे. भिवंडी तालुक्यात राहनाळच्या बाजूला, ग्रामपंचायत हद्दीत, मी 2,400 चौरस फुटांचा एक गाळा घेतलेला आहे. करार लिव्ह अँड लायसन्सचा आणि नोंदणीकृत असून 1 ऑगस्ट 2023 ते 31 जुलै 2026 असा 36 महिन्यांचा आहे. पहिल्या वर्षी महिना 36,000 रुपये आणि पुढे दर वर्षी पाच टक्के वाढ असे ठरले होते. त्यानुसार यंदाच्या ऑगस्टपासून मी 39,690 रुपये भरत आहे. अनामत 1,20,000 रुपये आहे.

गेल्या आठवड्यात मालकांचे पत्र आले. आजूबाजूचा दर वाढल्यामुळे 1 ऑक्टोबरपासून महिना 58,000 रुपये द्यावेत, अन्यथा गाळा रिकामा करावा, असे त्यात लिहिले आहे. म्हणजे चौरस फुटामागे साडेसोळावरून थेट चोवीसच्या वर. माझ्या धंद्यात हे भाडे बसत नाही आणि मला कोनगावच्या बाजूला लहान गाळा मिळतही आहे. त्यामुळे भांडण न वाढवता दिवाळीचा हंगाम संपला की निघावे, असा विचार आहे.

करारातील संबंधित कलम असे: "पहिल्या बारा महिन्यांनंतर कोणत्याही पक्षास दुसऱ्या पक्षास लेखी नोटीस देऊन हा करार संपविता येईल. नोटीस मिळाल्यानंतर येणाऱ्या इंग्रजी महिन्याच्या पहिल्या तारखेपासून दोन पूर्ण महिने ही नोटिशीची मुदत समजली जाईल."

मी केलेला मसुदा खाली देत आहे.

"आपण कराराचा भंग करून अन्यायकारक व मनमानी भाडेवाढ केली आहे. गेली दोन वर्षे मी एकही हप्ता चुकवला नसताना आपण असे वागावे, याचे मला अतिशय दुःख झाले आहे. आपण ही भाडेवाढ आठ दिवसांत मागे न घेतल्यास हेच पत्र गाळा सोडण्याची नोटीस समजावे. अनामत रक्कम तत्काळ परत करावी, अन्यथा कायदेशीर कारवाई करण्यात येईल."

यात काय कमी-जास्त करावे?

रोखठोक_नाना (22 सप्टेंबर)

अहो, तुम्ही गाळा सोडता कशाला? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 प्रमाणे मालकाला वर्षाला चार टक्क्यांपेक्षा जास्त वाढ करता येत नाही, आणि हा कायदा साठवणुकीच्या जागेलाही लागू आहे. चार टक्क्यांच्या वरचा एक रुपयाही देऊ नका आणि न्यायालयात जा. सोडायचाच असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार पंधरा दिवसांची नोटीस पुरते, दोन महिने थांबण्याची गरज नाही. आमच्या आळीतल्या एकाने पंधरा दिवसांत दुकान सोडले होते आणि त्याला कोणी काही विचारले नाही.

दिवाणी_बाजू (22 सप्टेंबर)

नाना, तुमची माहिती चुकीची नाही, मात्र ती या गाळ्याला लागत नाही. चार टक्क्यांची तरतूद भाडेकरूसाठी, म्हणजे कुळवहिवाट असलेल्या माणसासाठी आहे, आणि तीही कायद्याच्या परिशिष्टांत नमूद केलेल्या क्षेत्रांतच. खोकीवाले साहेब लिव्ह अँड लायसन्सवर आहेत. त्यांची फी करारातून ठरते आणि करारात पाच टक्के लिहिलेले आहे, जे मुळातच चारपेक्षा जास्त आहे. शिवाय गाळा ग्रामपंचायत हद्दीत असल्याने तिथे हा कायदा लागू होतो का, हा आणखी वेगळा प्रश्न उभा राहील. त्यांना त्याची गरज नाही, कारण करारच त्यांच्या बाजूने आहे: जुलै 2026 पर्यंत फी किती ते लिहून ठेवले आहे आणि मालकांना एका पत्राने ती बदलता येत नाही.

पंधरा दिवसांचे म्हणाल, तर ती मुदत भाडेपट्ट्यासाठी आहे आणि पक्षांनी आपसांत वेगळे काही ठरवले नसेल तेव्हाची आहे. इथे दोन महिने ठरलेले आहेत. पंधरा दिवसांत निघाले तर उरलेल्या काळाची फी मालक अनामतीतून कापून घेतील, आणि ते चुकीचे म्हणता येणार नाही.

आता मसुद्याकडे येतो. मला त्यात सर्वांत मोठा धोका "मागे न घेतल्यास हेच पत्र नोटीस समजावे" या वाक्यात दिसतो. ही अटीवर टांगलेली नोटीस आहे. उद्या मालकांनी आठव्या दिवशी फोन करून "बघू या, पन्नासवर येतो" असे म्हटले, तर वाढ मागे घेतली की नाही? नोटीस लागू झाली की नाही? आणि लागू झाली असेल तर कोणत्या तारखेपासून? करार संपवणारी नोटीस बिनशर्त हवी. कोणता करार, कोणत्या कलमाखाली, कोणत्या दिवशी संपणार आणि ताबा केव्हा देणार, एवढे तिच्यातून निःसंदिग्धपणे कळले पाहिजे.

दुसरी गोष्ट तारखेची, आणि ती तातडीची आहे. तुमच्या कलमात नोटीस "मिळाल्यानंतर" असे म्हटले आहे, "पाठवल्यानंतर" नव्हे. मालकांच्या हातात नोटीस 30 सप्टेंबरपर्यंत पडली, तर ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे दोन पूर्ण महिने धरले जातील आणि 30 नोव्हेंबरला तुम्ही मोकळे व्हाल. ती 1 ऑक्टोबरला किंवा त्यानंतर पोचली, तर ऑक्टोबर महिना धरला जाणार नाही. मग नोव्हेंबर आणि डिसेंबर मोजावे लागतील आणि एका दिवसाच्या उशिरापायी आणखी 39,690 रुपये जातील. 2 तारखेला दसरा आणि गांधी जयंती एकत्र आहेत, मध्ये रविवारही आहे, तेव्हा केवळ टपालावर विसंबू नका. नोटिशीच्या दोन प्रती करून समक्ष जा, एका प्रतीवर "मिळाली" असा शेरा, तारीख आणि सही घ्या. त्याच दिवशी पोचपावतीसह स्पीड पोस्टानेही पाठवा, आणि करारात दिलेल्याच पत्त्यावर पाठवा. मालक हल्ली दुसरीकडे राहत असतील तर तिथे आणखी एक प्रत पाठवा, पण करारातला पत्ता चुकवू नका.

मोरपीस (23 सप्टेंबर)

माझ्याही बाबतीत हेच चालू आहे. भाडेकरू जागा सोडायला तयार नाही, मुदत संपून चार महिने झाले. त्याला बाहेर काढण्यासाठी नोटीस कशी लिहायची, तो मसुदा इथे मिळेल का? वीज तोडली तर चालते का?

दिवाणी_बाजू (23 सप्टेंबर)

मोरपीस, इथे प्रश्नकर्ते स्वतःच गाळा सोडत आहेत, त्यामुळे तुमचा विषय उलट्या बाजूचा आहे. त्यासाठी वेगळा धागा काढावा, तिथे सविस्तर लिहीन. वीज मात्र तोडू नका, त्याने तुमचीच बाजू लंगडी पडेल.

राहनाळचा_गाळेमालक (23 सप्टेंबर)

मी त्याच पट्ट्यातला गाळेमालक आहे, प्रश्नातला मालक मी नव्हे, हे आधीच सांगतो. मालकांची बाजूही थोडी ऐकावी. जीएसटी आल्यापासून आमच्याकडे मोठ्या कंपन्यांची मागणी वाढली आणि ऑनलाइन विक्रीवाले अख्खी रांगच्या रांग एकदम उचलतात. शेजारचे तीन गाळे एका झटक्यात चढ्या दराने गेले, तर चौथ्या गाळ्याच्या मालकाला आपण मूर्ख ठरलो असे वाटणारच. पत्र लिहायची पद्धत चुकली हे मला मान्य आहे.

मात्र खोकीवाले साहेबांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नोटिशीचे कलम "कोणत्याही पक्षास" असे आहे. म्हणजे त्यांच्याप्रमाणेच मालकही दोन महिन्यांची नोटीस देऊन करार संपवू शकतात. जुलै 2026 पर्यंत 39,690 च द्यायचे हे कागदावर खरे असले, तरी प्रत्यक्षात ते संरक्षण कोणत्याही दिवशी दोन-तीन महिन्यांपुरतेच आहे. आम्ही करार करताना हे कलम मुद्दाम असेच ठेवतो. लायसन्सीने मालकाच्या बाजूचा लॉक-इन मागून घ्यायला हवा. छोटे व्यापारी तो मागत नाहीत.

दिवाणी_बाजू (23 सप्टेंबर)

गाळेमालकांनी नेमके सांगितले. यातून आणखी एक प्रश्न निघतो: मालकांचे "58,000 द्या, अन्यथा रिकामा करा" हे पत्र हीच त्यांची नोटीस मानायची का? माझ्या मते नाही, कारण त्यात करार संपवण्याचा ठाम निर्णय नाही आणि दोन महिन्यांची मुदतही नाही. मात्र तुमच्या नोटिशीत त्या पत्राला उत्तर म्हणून एक वाक्य असले पाहिजे. तुम्ही वाढीबद्दल गप्प राहिलात आणि गाळ्यात दोन महिने राहिलात, तर "ऑक्टोबरपासून वाढीव दर त्यांना कबूल होता" असे म्हणायला मालकांना वाव मिळतो. एकच वाक्य पुरे. दुःख, अन्याय, मनमानी हे शब्द काढून टाका, कारण त्यांनी काहीच सिद्ध होत नाही आणि अनामत ज्यांच्या हातात आहे त्या माणसाला विनाकारण दुखावले जाते.

त्याच कारणाने ऑक्टोबरची फी 39,690 च भरा, नेहमीच्या तारखेला आणि बँकेतून. तात्पुरते म्हणून एकदासुद्धा 58,000 भरू नका.

खोकीवाला (23 सप्टेंबर)

सर्वांचे आभार. तारखेचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता, उद्याच समक्ष जाण्याची तयारी करतो. दोन शंका उरतात.

एक म्हणजे, बाजारातले सगळे सांगतात की नोटीस दिली की शेवटचे दोन महिने भाडे देऊच नकोस, अनामतीतून वळते करून घे, कारण मालक अनामत कधी वेळेवर देत नाहीत. दोन महिन्यांचे 79,380 होतात, म्हणजे माझे 40,620 रुपयेच मालकांकडे अडकतील. हे योग्य आहे का? करारात "अनामत मासिक फीपोटी वळती करता येणार नाही" असे एक वाक्य आहे.

दुसरे म्हणजे, मी आत स्वखर्चाने लोखंडी मांडण्या लावल्या आहेत आणि मागच्या अर्ध्या भागात पोटमाळा केला आहे. मांडण्या बोल्टवर आहेत. पोटमाळ्याचे खांब मात्र फरशी फोडून खाली काँक्रीटमध्ये बसवले आहेत आणि वरचे गर्डर एका बाजूला भिंतीत घातले आहेत. मालकांची परवानगी तोंडी होती. हा पोटमाळा मला नेता येईल का?

गूळपेठ (23 सप्टेंबर)

मी कोल्हापूरचा, गुळाचा व्यापार आहे. आमच्याकडे तर कागदच नाही. वडिलांच्या काळापासून वखार आहे, भाडे रोख देतो आणि मालक वहीत सही करतात. त्यांनीही यंदा दर वाढवायला सांगितले आहे. आम्हाला नोटीस द्यायची झाली तर कोणत्या कलमाखाली द्यायची? कागद नाही म्हणजे आमचा हक्कच नाही, असे मालकांचे चिरंजीव म्हणतात.

रोखठोक_नाना (23 सप्टेंबर)

गूळपेठ, तुम्ही तर कुळ आहात! तुम्ही अजिबात सोडू नका. तुम्हाला माझे चार टक्के लागू होतील.

दिवाणी_बाजू (24 सप्टेंबर)

या वेळी नानांचे बरेचसे बरोबर आहे. गूळपेठ, भाडे कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. मालकाने ती पाळली नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोपर्यंत त्याविरुद्ध सिद्ध होत नाही. तेव्हा कागद नाही म्हणून हक्क नाही, हे चिरंजीवांचे म्हणणे टिकणार नाही. वहीतल्या सह्या जपून ठेवा आणि पुढचे भाडे शक्यतो बँकेतून द्या. वडिलांच्या काळापासूनची वखार असेल, तर सोडण्याची नोटीस देण्याआधी एकदा स्थानिक वकिलांना सगळे दाखवा, कारण तुम्ही सोडत आहात ते खोकीवाल्यांच्या गाळ्याहून पुष्कळ मोलाचे आहे.

खोकीवाले साहेब, अनामत वळती करून घेण्याची पद्धत सगळीकडे आहे हे खरे, आणि पुष्कळांचे त्यात निभावतेही. तुमच्या करारात मात्र तसे करता येणार नाही असे स्पष्ट आहे. दोन महिने फी थांबवली की आज जो माणूस करार मोडत आहे तो मोडणारा राहणार नाही, थकबाकीदार तुम्ही व्हाल. शेवटच्या आठवड्यात शटरला दुसरे कुलूप लागले, तर आत दिवाळीनंतरचा शिल्लक माल तुमचा असेल. मी तरी एवढी जोखीम घेणार नाही. मधला मार्ग असा की शेवटच्या म्हणजे नोव्हेंबरच्या फीपुरती वळती करण्याची विनंती नोटिशीपासून वेगळी करा आणि मालकांची लेखी संमती मिळाली तरच तसे करा.

राहनाळचा_गाळेमालक (24 सप्टेंबर)

वकील साहेबांशी इथे मी पूर्ण सहमत नाही. आमच्या पट्ट्यात अनामत परत मिळवायला लोकांना वर्ष वर्ष फिरावे लागते, हे मालक असूनही सांगतो. नवा लायसन्सी आला की त्याच्या अनामतीतून जुन्याची देण्याची सवय आहे, आणि नवा यायला उशीर झाला की जुना लटकतो. छोट्या व्यापाऱ्याने 1,20,000 साठी दावा लावायचा म्हणजे वकिलाची फी आणि भिवंडीच्या न्यायालयातल्या तारखा. कायदा काहीही म्हणो, निदान एक महिना वळता करून घेणारा माणूस व्यवहारात शहाणा ठरतो, असे माझे मत आहे.

दिवाणी_बाजू (24 सप्टेंबर)

तुमचा अनुभव मी नाकारत नाही. पैशांसाठी दिवाणी दावा तीन वर्षांच्या आत लावता येतो, पण तो लावण्यात कोणाला हौस नसते, हेही मान्य. निर्णय त्यांनी घ्यावा. आत माल किती आहे यावर तो अवलंबून आहे: शेवटच्या आठवड्यापर्यंत गाळा जवळजवळ रिकामा झाला असेल, तर कुलपाची भीती आपोआप कमी होते.

पोटमाळ्याचे मात्र अवघड आहे. बोल्टवरच्या मांडण्या सामानासारख्याच आहेत, त्या न्याव्यात. जमिनीत आणि भिंतीत बसवलेला भाग काढायला भाडेपट्ट्यात कायद्याने मुभा आहे, जागा होती तशी करून देण्याच्या अटीवर. लायसन्समध्ये आधी करारातच काय लिहिले आहे ते पाहावे लागते. "कायमस्वरूपी बदल लेखी परवानगीशिवाय करू नयेत" असे वाक्य बहुतेक करारांत असते. तसे तुमच्याकडे असेल, तर मालक दोन्ही बाजूंनी बोलू शकतात: परवानगी नव्हती म्हणून काढा आणि फरशी दुरुस्त करून द्या, किंवा तो आता गाळ्याचा भाग आहे म्हणून ठेवा. नोटिशीत याचा उल्लेख करू नका. ती चर्चा समोरासमोर करा आणि ठरेल ते ताब्याच्या कागदात लिहा.

हिशेबनीस (24 सप्टेंबर)

मी करसल्लागार आहे. नोटिशीचा मसुदा दिवाणी_बाजू देतीलच, मी फक्त नोटीस दिल्यानंतरच्या गोष्टी सांगतो, कारण गाळा सोडणारे बहुतेक लोक यात अडकलेले मी पाहतो.

हा गाळा तुमच्या जीएसटी नोंदणीत अतिरिक्त व्यवसायस्थळ म्हणून असेल. नवा गाळा आधी नोंदवा, माल हलवा आणि मगच जुना काढा. बदल झाल्यापासून पंधरा दिवसांत अर्ज करायचा असतो. माल आपल्याच एका गोदामातून दुसऱ्यात नेताना ती विक्री नसते, तरी डिलिव्हरी चलन लागते, आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एका खेपेतला माल एक लाखाच्या वर असेल तर ई-वे बिलही. स्वतःचाच माल आहे म्हणून साधा टेम्पो भरून पाठवला आणि नाक्यावर अडकला, असे होते.

मालक जीएसटीत नोंदलेले नसतील आणि तुम्ही नोंदलेले असाल, तर 10 ऑक्टोबर 2024 पासून भाड्यावरचा 18 टक्के कर तुम्हीच उलट आकारणीने भरायचा आहे. 39,690 वर तो 7,144 रुपये होतो आणि त्याचे क्रेडिट तुम्हाला मिळते. तुम्ही कंपोझिशनमध्ये असाल तर हे लागू नाही. शेवटच्या महिन्याचा हा कर राहून जातो, कारण तोवर गाळा मनातून गेलेला असतो.

सर्वांत महत्त्वाचा विमा. आगीच्या विम्यात मालाबरोबर जागेचा पत्ता असतो आणि त्या पत्त्यावरच्याच मालाला संरक्षण असते. पुठ्ठा आणि प्लास्टिक यांच्या धंद्यात हे विसरून चालणार नाही. हलवाहलवीच्या काळात दोन्हीकडे माल असेल, तेव्हा नवा पत्ता पॉलिसीत आधी वाढवून घ्या. कॅश क्रेडिट असेल तर बँकेलाही कळवा, कारण स्टॉक स्टेटमेंटमधली जागा आणि बँकेच्या माणसाने प्रत्यक्ष पाहिलेली जागा जुळली पाहिजे.

दिवाणी_बाजू (24 सप्टेंबर)

मसुदा खाली देत आहे. यात नावे, पत्ते आणि दस्त क्रमांक तुमचे घाला.

"प्रति, (लायसेन्सरचे नाव व करारातील पत्ता).

विषय: (गाळा क्रमांक, इमारत, गाव) येथील गोदामाचा दिनांक 1 ऑगस्ट 2023 पासूनचा, दस्त क्रमांक ( ) अन्वये नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार संपविण्याची नोटीस.

महोदय,

वरील करारान्वये सदर गोदाम माझ्या वापरात आहे. करारातील पहिल्या बारा महिन्यांची मुदत 31 जुलै 2024 रोजी संपलेली आहे. करारातील कलम ( ) अन्वये मी याद्वारे सदर करार संपविण्याची नोटीस देत आहे. ही नोटीस आपणांस सप्टेंबर 2025 मध्ये मिळत असल्याने तिची दोन पूर्ण महिन्यांची मुदत 1 ऑक्टोबर 2025 रोजी सुरू होऊन 30 नोव्हेंबर 2025 रोजी संपेल, व त्या दिवशी करार संपुष्टात येईल.

आपल्या दिनांक ( ) च्या पत्रातील मासिक 58,000 रुपयांची मागणी करारातील ठरलेल्या दराशी विसंगत असल्याने मला मान्य नाही. नोटिशीच्या मुदतीत मी करारानुसार मासिक 39,690 रुपये नियमितपणे भरत राहीन.

30 नोव्हेंबर 2025 रोजी सकाळी 11 वाजता मी गोदामाचा रिकामा ताबा व सर्व किल्ल्या आपल्या स्वाधीन करण्यासाठी उपस्थित असेन. त्या वेळी आपण किंवा आपल्या लेखी अधिकारपत्रासह आपल्या प्रतिनिधीने उपस्थित राहून संयुक्त पाहणी करावी, वीज मीटरचे वाचन नोंदवावे व ताबा-पावती द्यावी. करारानुसार 1,20,000 रुपयांची अनामत ताबा देतेवेळी परत करावी. काही रक्कम वजा करावयाची असल्यास तिचा तपशील आधारासह त्यापूर्वी लेखी कळवावा.

आपला, (नाव, सही, दिनांक)"

करारात अनामत परत करण्यासाठी वेगळी मुदत दिलेली असेल, तर "ताबा देतेवेळी" ऐवजी ती लिहा. 30 नोव्हेंबरला रविवार आहे. मालकांना तो सोयीचा नसेल तर आदल्या दिवशी करा, नंतर नको.

मोरपीस (24 सप्टेंबर)

पण मालक त्या दिवशी आलेच नाहीत तर? किल्ल्या वॉचमनकडे देऊन टाकाव्यात का? आमचा आधीचा भाडेकरू तसेच करून गेला होता.

दिवाणी_बाजू (24 सप्टेंबर)

वॉचमनकडे अजिबात देऊ नयेत. वॉचमन म्हणेल मला काही माहीत नाही, आणि मालक म्हणतील ताबा मला मिळालाच नाही, महिना चालूच आहे. मालक आले नाहीत तर दोन साक्षीदारांसमोर रिकाम्या गाळ्याची छायाचित्रे आणि चित्रफीत घ्यावी. त्यात फरशी, भिंती, शटर आणि मीटरचा आकडा यावा. नंतर कुलूप लावून त्याच दिवशी मालकांना लेखी कळवावे की ठरल्या वेळी ताबा देण्यास मी हजर होतो, आपण आला नाहीत, किल्ल्या माझ्याकडे तयार आहेत, आपण सांगाल तिथे आणून देतो. ताबा देऊ केला होता हे यातून दिसते. त्यानंतरच्या काळाची फी मागणे मालकांना जड जाते, अशक्य होते असे मी म्हणणार नाही.

पावसाळ्यात मागच्या भिंतीला ओल आली असेल तर तिची छायाचित्रे आजच घेऊन ठेवा. वापराने होणारी झीज आणि छपराची गळती यांचा खर्च तुमच्या माथी येऊ नये. तुटलेला पत्रा किंवा टेम्पो आदळून वाकलेले शटर मात्र तुमच्याच खात्यावर जाईल.

खोकीवाला (29 सप्टेंबर)

शुक्रवारी समक्ष जाऊन नोटीस दिली. मालकांनी आधी सही करायला नकार दिला. मी त्यांच्यासमोरच ती व्हॉट्सॲपवरही पाठवली आणि स्पीड पोस्टची पावती दाखवली, तेव्हा दुसऱ्या प्रतीवर "मिळाली, मजकूर मान्य नाही" असे लिहून 26 सप्टेंबरची तारीख घातली आणि सही केली. हे चालेल का?

दिवाणी_बाजू (29 सप्टेंबर)

उत्तम चालेल. तुम्हाला त्यांची मान्यता नको होती, पोच हवी होती, आणि ती सप्टेंबरची मिळाली.

खोकीवाला (29 सप्टेंबर)

धन्यवाद. पुढे त्यांनी चहा मागवला आणि पन्नास हजारांवर या, नोटीस फाडून टाकू, असे म्हणाले. मी नाही म्हणालो. अनामतीपैकी नोव्हेंबरची फी वळती करायला ते तयार आहेत, पण लिहून देत नाहीत, त्यामुळे तूर्त दोन्ही महिने बँकेतूनच भरायचे ठरवले आहे. करारात पोटमाळ्याला लागू होईल असे वाक्य आहेच: "लेखी संमतीशिवाय बांधकामात बदल करू नये." मालक म्हणतात पोटमाळा राहू दे, नव्या माणसाला उपयोगी पडेल, पण त्याचे पैसे देणार नाही. लोखंडच पुष्कळ आहे, तसे सोडवत नाही. काढायचे तर गर्डर कापावे लागतील, फरशी आणि भिंत भरून द्यावी लागेल, आणि नव्या गाळ्याची उंची कमी असल्याने तो तिथे बसणारही नाही, भंगारातच जाईल. कोणी असा पोटमाळा काढून घेतला असेल, तर कापणी आणि दुरुस्तीचा खर्च भंगाराच्या दराशी कसा जुळला, ते सांगावे.

राहनाळचा_गाळेमालक (30 सप्टेंबर)

माझ्याकडच्या एकाने काढला होता. वेल्डर, हमाल आणि गवंडी यांचे देऊन त्याच्या हाती फारसे काही उरले नाही. तुमच्या जागी मी असतो तर पोटमाळा ठेवून देतो, पण त्या बदल्यात भिंत, फरशी आणि रंग यांपोटी अनामतीतून काहीही कापणार नाही, हे ताबा-पावतीत लिहून घेतो. मालकाला फुकट पोटमाळा मिळत असेल तर तो एवढे लिहून देतो.

रोखठोक_नाना (30 सप्टेंबर)

फुकट कशाला द्यायचा? नव्या लायसन्सीला गाठून त्यालाच विका.

दिवाणी_बाजू (30 सप्टेंबर)

नाना, नवा लायसन्सी ठरला असेल आणि मालकांची हरकत नसेल, तर हे सुचवणे वाईट नाही. पण तो 30 नोव्हेंबरच्या आत ठरेलच असे नाही, आणि त्याची वाट पाहत ताबा लांबवू नये. गाळेमालकांनी सुचवलेले वाक्य मात्र ताबा-पावतीत अवश्य घालून पाहावे.